आडवा सिलिंडर दाबला तर तो उभा का चिरतो? काँक्रीटच्या स्प्लिट टेस्टची कृती आणि कारणमीमांसा

काँक्रीटचा सिलिंडर आडवा ठेवून यंत्राने वरून दाबला, तर तो दाबाखाली चुरडला जाईल असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात भार वाढत जातो, बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि मग एक कोरडा आवाज होऊन वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत जवळजवळ सरळ चीर पडते. सिलिंडरचे लांबीच्या दिशेने दोन अर्धे होतात आणि त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर चुरडल्याच्या खुणा नसतात. खडी आणि सिमेंटचा लगदा एकमेकांपासून ओढून वेगळे केल्यासारखे दिसतात. भार उभा असून तुटणे मात्र आडव्या ताणाने झालेले असते. यंत्र दाबते आणि काँक्रीट ताणाने तुटते, ही विसंगती नीट समजली नाही तर काँक्रीटची ताणाची ताकद मोजणाऱ्या या चाचणीतली प्रत्येक काळजी निव्वळ कर्मकांड वाटू लागते. म्हणून आधी ताण येतो कुठून ते पाहू आणि मग कृतीकडे वळू.

ताण कुठून येतो

साइटवर विचारले तर नेहमी मिळणारे उत्तर असे असते की, वरून दाबले की वस्तू बाजूला फुगते आणि त्या फुगण्याने ताण येतो. हे उत्तर अपुरे आहे, आणि थोडे दिशाभूल करणारेही आहे. बाजूला फुगणे हा पॉयसन गुणोत्तराचा परिणाम असतो, पण या चाचणीच्या सूत्रात पॉयसन गुणोत्तर कुठेच येत नाही. ते शून्य असलेला, म्हणजे दाबल्यावर मुळीच न फुगणारा, एखादा लवचिक पदार्थ घेतला तरी भाराच्या रेषेवर आडवा ताण तेवढाच येईल. शिवाय उभ्या सिलिंडरच्या नेहमीच्या दाब चाचणीत काँक्रीट फुगते, तरी तिथे सर्वत्र सारखा दाब असेल तर आडवा ताण मुळीच निर्माण होत नाही. तेव्हा कारण फुगण्यात शोधता येत नाही. ते आकारात आणि भार देण्याच्या पद्धतीत आहे.

डोळ्यांसमोर आणण्यासाठी असे समजा की, भार वरून खाली अनेक अदृश्य धाग्यांतून वाहतो आहे. वर तो एका अरुंद पट्टीतून आत शिरतो, मध्यावर सिलिंडर रुंद असल्याने पसरतो आणि खाली पुन्हा अरुंद पट्टीत गोळा होतो. म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे दाबाचे धागे कंसासारखे बाहेर वाकलेले असतात. वाकलेली काठी दोन्ही टोकांनी दाबली तर ती आणखी बाहेर वाकू पाहते. तिला जागेवर धरायचे तर आतून कोणीतरी ओढून धरावे लागते. डावीकडचे धागे डावीकडे आणि उजवीकडचे उजवीकडे जाऊ पाहतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे फक्त मधले काँक्रीट असते. त्या बांधून ठेवण्यालाच आपण आडवा ताण म्हणतो. पट्टीच्या अगदी खाली मात्र उलट परिस्थिती असते: तिथे धागे एकमेकांपासून फाकत असतात आणि त्यांची वरची टोके एकमेकांवर रेटतात, त्यामुळे तिथे आडवा दाब असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

हे चित्र बरोबर असले तरी त्यातून आकडा मिळत नाही. आकडा देणारा युक्तिवाद मला या संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि तो शाळेतल्या भूमितीवर उभा आहे.

एका अमर्याद सपाट पृष्ठभागावर रेषेसारखा भार दिला, तर आतली प्रतिबले त्या भाराच्या बिंदूपासून किरणांसारखी पसरतात. कोणत्याही ठिकाणी फक्त त्या किरणाच्या दिशेने दाब असतो आणि किरणाला लंब दिशेने काहीही नसते. या दाबाचे मूल्य, भाराच्या दिशेशी किरण θ कोन करत असेल आणि अंतर r असेल तर, पुढीलप्रमाणे असते. इथे P हा एकूण भार आणि L ही सिलिंडरची लांबी आहे.

```
σr = 2P cosθ / (π L r)
```

आता सिलिंडरचे वर्तुळ काढा. वरच्या भारबिंदूपासून परिघावरच्या कोणत्याही बिंदूपर्यंत रेघ ओढली, तर तिची लांबी r = D cosθ असते, इथे D हा सिलिंडरचा व्यास आहे. ती वरच्या सूत्रात घातली की cosθ कटून जातो आणि उरते 2P/(πLD), म्हणजे परिघावर सगळीकडे एकच आकडा. खालच्या भारबिंदूपासूनही त्याच परीघबिंदूपर्यंत दुसरा किरण येतो आणि त्याचाही दाब तेवढाच असतो. व्यासाच्या दोन टोकांपासून परिघावरच्या बिंदूकडे ओढलेल्या रेषांत नेहमी काटकोन होतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. म्हणजे परिघाच्या प्रत्येक बिंदूवर, एकमेकांना लंब अशा दोन दिशांनी, अगदी सारखा दाब येतो. दोन लंब दिशांना सारखा दाब असणे म्हणजे त्या छेदात सर्व दिशांना सारखा दाब असणे होय. थोडक्यात, केवळ दोन भारांचा हिशेब केला तर सिलिंडरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सगळीकडून 2P/(πLD) एवढा दाब असायला हवा, जणू तो कोणीतरी गच्च आवळून धरला आहे.

पण सिलिंडरला बाजूने कोणीच धरलेले नसते. पट्ट्या सोडल्या तर त्याचा पृष्ठभाग मोकळा आहे आणि मोकळ्या पृष्ठभागावर बाहेरून दाब असूच शकत नाही. हिशेब जुळवायचा तर तो काल्पनिक आवळ काढून टाकावा लागतो, आणि काढून टाकण्याचा अर्थ संपूर्ण छेदावर, सर्व दिशांना, 2P/(πLD) एवढा ताण मिळवणे असा होतो. भाराच्या रेषेवर दोन्ही किरण उभे असतात, म्हणून त्यांच्यापासून आडवे काहीच येत नाही. तिथे आडव्या दिशेला उरतो तो फक्त हा मिळवलेला ताण. म्हणूनच तो वरपासून खालपर्यंत एकसारखा असतो:

```
fct = 2P / (π L D)
```

हेच चाचणीचे सूत्र आहे. सिलिंडरच्या मोकळ्या कडेमुळे जो आधार मिळत नाही, त्याची किंमत मधले काँक्रीट ताणाच्या रूपाने मोजते, असे मी नवीन मुलांना सांगतो.

त्याच रेषेवर उभा दाबही असतो आणि तो लहान नसतो. मध्यबिंदूवर दोन्ही किरणांचे दाब मिळून ताणाच्या चौपट होतात आणि त्यातून मिळवलेला ताण वजा केला की तिप्पट उरतात. म्हणजे केंद्राशी 3 मेगापास्कल आडवा ताण असेल तर 9 मेगापास्कल उभा दाब असतो. तरीही काँक्रीट ताणानेच तुटते, कारण त्याची दाब सहन करण्याची ताकद ताणाच्या सुमारे दहापट असते आणि 9 मेगापास्कल दाब त्याला फारसा जाणवत नाही. ज्या पदार्थाची दाबाची आणि ताणाची ताकद जवळपास सारखी असते, उदाहरणार्थ मऊ पोलाद, तो या चाचणीत चिरणार नाही, चपटा होईल. स्प्लिट टेस्ट ठिसूळ पदार्थांपुरतीच आहे, ती यामुळे.

ही पद्धत रूढ झाली त्यात ब्राझीलचे अभियंते फर्नांदो कार्नेरो यांचा मोठा वाटा आहे. 1943 मध्ये रिओ दि जानेरोमधले एक जुने चर्च गोल रोलरांवरून सरकवण्याचा विचार चालू होता. त्यासाठी काँक्रीटचे रोलर तपासताना ते व्यासाच्या दिशेने दाबल्यावर उभे चिरतात हे त्यांनी पाहिले आणि त्यातून ताणाची ताकद मोजण्याची कल्पना मांडली. जपानमध्ये आकाझावा यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच चाचणी सुचवली होती. आजही अनेक ठिकाणी तिला ब्राझिलियन टेस्ट म्हणतात.

पट्टी का लागते आणि ती किती रुंद असावी

वरचा हिशेब रेषेसारख्या भाराचा आहे. खऱ्या रेषेखाली दाब अनंत होईल, म्हणजे काँक्रीट तिथेच चुरडेल. शिवाय सिलिंडरचा पृष्ठभाग कधीच तंतोतंत सरळ नसतो. धातूची प्लेट थेट टेकवली तर ती दोन-चार उंचवट्यांवरच टेकेल आणि चीर तिथूनच निघेल. म्हणून मध्ये प्लायवूडची किंवा हार्डबोर्डची पट्टी घालतात. अमेरिकी मानक एएसटीएम सी 496 मध्ये साधारण 3 मिलिमीटर जाड आणि 25 मिलिमीटर रुंद प्लायवूडची पट्टी सांगितली आहे. युरोपीय ईएन 12390-6 मध्ये 10 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर जाड हार्डबोर्डची. आपण ज्या मानकानुसार अहवाल देणार त्याच मानकाची पट्टी वापरावी, दोन मानकांची सरमिसळ करू नये.

रुंदीने काय बदलते ते पाहण्यासारखे आहे. 150 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर भार व्यासाच्या बाराव्या हिश्श्यात, म्हणजे साडेबारा मिलिमीटरमध्ये पसरला, तर केंद्रावरचा ताण सूत्रापेक्षा सुमारे 1 टक्क्याने कमी होतो, आणि उभ्या व्यासाच्या मधल्या साधारण 85 टक्के भागात ताण टिकतो. वरखालच्या टोकांशी तो दाबात बदलतो. तोच भार पूर्ण 25 मिलिमीटरमध्ये सारखा पसरला असे धरले, तर केंद्रावर सुमारे 4 टक्के घट होते आणि ताणाचा पट्टा मधल्या तीन-चतुर्थांशावर येतो. पट्टी आणखी रुंद केली तर ताणाचा पट्टा आक्रसत जातो आणि यंत्र जास्त भार दाखवते. काँक्रीट मजबूत झालेले नसते, चाचणी बिघडलेली असते.

टोकांशी आडवा दाब येणे हा दोष नाही, ती समतोलाची गरज आहे. सिलिंडरचा उजवा अर्धा भाग मनात वेगळा काढला, तर त्याच्यावर बाहेरून कोणतेही आडवे बल नाही, कारण भार उभा आहे. तेव्हा चिरेवर मध्ये जेवढा ताण तेवढाच आडवा दाब कुठेतरी असलाच पाहिजे, आणि तो पट्ट्यांखाली असतो. तिथे उभा आणि आडवा असे दोन्ही दाब एकत्र असल्याने ते काँक्रीट घट्ट धरलेले राहते आणि आधी चुरडत नाही. चीर म्हणूनच मधल्या भागात सुरू होऊन टोकांकडे पळते, निदान चाचणी नीट झाली असेल तर.

चाचणीची कृती

उदाहरणासाठी 150 बाय 300 मिलिमीटरचा, 28 दिवस पाण्यात ठेवलेला सिलिंडर घेऊ. दाब चाचणीच्या तुलनेत इथे एक सोय आहे: सिलिंडरची दोन्ही तोंडे घासून किंवा कॅपिंग करून सपाट करावी लागत नाहीत, कारण भार तोंडांवर येतच नाही. उलट इथे बाजूचा पृष्ठभाग महत्त्वाचा असतो. साच्याच्या जोडावर सिमेंटच्या लगद्याची कड उभी राहिली असेल तर ती खरवडून काढावी, किंवा निदान जोड पट्टीखाली येणार नाही अशी भाराची दिशा निवडावी.

सिलिंडर पाण्यातून काढल्यावर चाचणी होईपर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. बाहेरचा थर वाळला की तो आकसू पाहतो आणि आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, त्यामुळे चाचणीच्या आधीच काँक्रीटमध्ये ताण बसलेला असतो. दुपारभर पंख्याखाली पडलेला सिलिंडर आणि टाकीतून नुकताच काढलेला सिलिंडर यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दोन्ही तोंडांवर व्यासाच्या रेघा काढायच्या असतात, आणि त्या दोन्ही एकाच प्रतलात हव्यात. या एका कामात जेवढी चाचण्यांची वाट लागते तेवढी इतर कशात लागत नाही. रेघा काढण्याचा साचा असेल तर उत्तम. नसेल तर सिलिंडर सपाट टेबलावर आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी पाचर मारून पक्का करावा, एका तोंडावर स्पिरिट लेव्हल उभी धरून केंद्रातून जाणारी रेघ ओढावी, आणि सिलिंडरला हात न लावता दुसऱ्या तोंडाकडे जाऊन तीच लेव्हल पुन्हा उभी धरून दुसरी रेघ ओढावी. मग दोन्ही रेघांची वरची टोके खडूच्या दोरीने पाठीवरून जोडावीत, आणि सिलिंडर उलटा करून खालची टोकेही जोडावीत. या चार रेघांनी जो आयत होतो तोच आपला अपेक्षित चिरेचा पृष्ठभाग.

व्यास दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर असा तीन ठिकाणी, आखलेल्या प्रतलातच मोजून सरासरी घ्यावी. लांबी त्याच प्रतलात दोन ठिकाणी मोजली तरी पुरते.

यंत्राची खालची प्लेट कापडाने पुसून तिच्या मध्यरेषेवर पहिली पट्टी ठेवावी, तिच्यावर सिलिंडर आणि वर दुसरी पट्टी. पट्टी सिलिंडरच्या लांबीएवढी किंवा किंचित जास्त हवी, आणि दर चाचणीला नवी हवी. एकदा वापरलेल्या पट्टीत आधीच्या सिलिंडरचा ठसा उमटलेला असतो. ती पुन्हा घातली की पृष्ठभाग सारखा टेकण्याचा हेतूच फसतो. पट्ट्या वाचवून पुन्हा वापरणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आकड्यांतले विखुरलेपणही पाहिले आहे.

प्लेटची लांबी 300 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, आणि दाब चाचणीच्या बऱ्याच यंत्रांत ती असतेच, तर पट्टी आणि प्लेट यांच्यामध्ये सिलिंडरच्या पूर्ण लांबीची पोलादी सळई घालावी लागते. ही सळई किमान 50 मिलिमीटर रुंद असावी, आणि तिची जाडी प्लेटच्या कडेपासून सिलिंडरच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढी तरी असावी, नाहीतर ती टोकांशी वाकते आणि भार मध्यावर जमा होतो.

आता दोन्ही बाजूंनी वाकून पाहावे: तोंडावरची रेघ उभी आहे का, ती दोन्ही पट्ट्यांच्या मध्यातून जाते का, आणि वरच्या फिरत्या डोक्याच्या केंद्राखाली सिलिंडरच्या लांबीचा मध्य आला आहे का. किरकोळ भार देऊन वरचे डोके टेकू द्यावे, पुन्हा एकदा पाहावे आणि मगच पुढे जावे. एकदा भार चढू लागला की दुरुस्ती करायची वेळ निघून गेलेली असते.

भाराचा वेग ताणात सांगितलेला असतो, पण यंत्र किलोन्यूटनमध्ये चालते, म्हणून त्याचे रूपांतर आधीच करून कागदावर लिहून ठेवावे. 150 बाय 300 च्या सिलिंडरसाठी 1 मेगापास्कल ताण म्हणजे πLD/2, अर्थात 70.7 किलोन्यूटन भार. एएसटीएममध्ये मिनिटाला 0.7 ते 1.4 मेगापास्कल वेग दिला आहे, म्हणजे मिनिटाला सुमारे 50 ते 100 किलोन्यूटन. भारतीय मानक आयएस 5816 मध्ये मिनिटाला 1.2 ते 2.4 मेगापास्कल आहे, म्हणजे 85 ते 170 किलोन्यूटन. दाब चाचणीचा वेग यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. तोच चुकून तसाच ठेवला तर सिलिंडर लवकर तुटतो आणि आकडा फुगतो, कारण झपाट्याने भार दिला की सूक्ष्म भेगांना वाढायला वेळ मिळत नाही.

यंत्राच्या मापनकक्षेचाही विचार करावा. सिलिंडर 200 किलोन्यूटनच्या आसपास तुटणार असतो, आणि दाब चाचणीचे यंत्र अनेकदा 2000 किलोन्यूटनचे असते. म्हणजे आपण त्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यात मोजत असतो. त्या भागात यंत्राचे कॅलिब्रेशन झालेले आहे की नाही, हे प्रमाणपत्र उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एका मिश्रणाचे तीन सिलिंडर घेऊ. पहिल्याचे व्यास 150.2, 149.8 आणि 150.3 मिलिमीटर आले, म्हणजे सरासरी 150.1, लांबी 300.5 मिलिमीटर. मिनिटाला सुमारे 70 किलोन्यूटनने भार चढवला आणि तीन मिनिटांनी, 212 किलोन्यूटनला, तो चिरला.

```
2 × 212000 / (3.1416 × 300.5 × 150.1) = 2.99 MPa
```

अहवालात 0.05 च्या पटीत लिहायचे असल्याने 3.00 मेगापास्कल. चीर खडूच्या रेघेवर होती, दोन्ही पट्ट्यांखाली बोटभर रुंदीच्या लहान पाचरी सुटल्या होत्या आणि चिरेच्या पृष्ठभागावर निम्म्याच्या आसपास खडीचे तुकडे फुटलेले, उरलेले लगद्यातून सुटून आलेले दिसत होते. खडी किती फुटली याचा अंदाज नोंदवावा. खडी फुटली असेल तर लगदा आणि खडीचा बंध चांगला आहे, आणि बहुतेक खडी अखंड सुटली असेल तर कमकुवत जागा बंधात आहे.

दुसरा सिलिंडर 150.0 बाय 300 चा, 204 किलोन्यूटनला चिरला, उत्तर 2.89, लिहायचे 2.90. तिसरा तेवढ्याच मापाचा, पण 176 किलोन्यूटनलाच गेला, उत्तर 2.49. आकडा लहान आहे म्हणून तो टाकून द्यायचा नाही. आधी तुकडे पाहायचे. इथे एका तोंडावर चीर रेघेवर होती, पण दुसऱ्या तोंडावर ती रेघेपासून 9 मिलिमीटर बाजूला सरकली होती. वरच्या पट्टीचा ठसा पाहिला तर तो एका टोकाशी खोल आणि दुसऱ्या टोकाशी जवळजवळ नव्हता. निष्कर्ष स्पष्ट आहे: दोन तोंडांवरच्या रेघा एका प्रतलात नव्हत्या, सिलिंडर पीळ पडल्यासारखा बसला होता, आणि भार लांबीभर सारखा न जाता एका टोकावर एकवटला. त्या टोकाचे काँक्रीट आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार घेऊन आधी चिरले. हा आकडा काँक्रीटचा नाही, मांडणीचा आहे. तो कारणासह नोंदवून बाद करावा आणि राखीव सिलिंडर घ्यावा. याउलट चीर रेघेवर असती, पट्टीचा ठसा सारखा असता आणि तरीही 2.49 आले असते, तर तो आकडा ठेवावाच लागला असता, मग तो कितीही नावडता असो.

तुकड्यांवरून आणखी दोन गोष्टी ओळखता येतात. पट्टीखालची पाचर मोठी आणि खोल असेल, चिरेऐवजी पट्टीच्या दोन्ही कडांपासून दोन भेगा निघाल्या असतील, तर पट्टी फार रुंद किंवा फार मऊ होती, किंवा काँक्रीट इतके अशक्त होते की पट्टीखालचा दाबच आधी त्याला पेलला नाही. आणि मुख्य चिरेच्या समांतर एक-दोन भेगा दिसल्या तर घाबरू नये: पहिली चीर पडल्यावरही यंत्र दाबतच राहते आणि प्रत्येक अर्ध्याला पुन्हा फोडते. त्या भेगा नंतरच्या असतात.

आकड्याचा अर्थ कुठवर लावावा

सूत्र लवचिकतेच्या सिद्धांतातून आलेले आहे. तुटेपर्यंत काँक्रीट सरळ रेषेत वागते असे ते धरून चालते. काँक्रीट तसे पूर्णपणे वागत नाही, शिवाय केंद्राशी ताणासोबत तिप्पट दाबही असतो, म्हणून हा आकडा निव्वळ ओढून मोजलेल्या ताकदीशी तंतोतंत जुळत नाही. तो सहसा थोडा जास्त येतो. युरोकोड 2 मध्ये शुद्ध ताणाची ताकद काढण्यासाठी स्प्लिट टेस्टचा आकडा 0.9 ने गुणतात, म्हणजे आपल्या पहिल्या सिलिंडरच्या 3.00 चे 2.70 होतात. तुळई वाकवून मोजलेली ताकद या दोन्हींपेक्षा जास्त येते. तेव्हा आकडा सांगताना तो कोणत्या चाचणीचा आहे हे सोबत सांगितलेच पाहिजे.

तंतुमिश्रित काँक्रीटमध्ये ही मर्यादा आणखी ठळक होते. चीर पडल्यावरही पोलादी तंतू दोन्ही अर्ध्यांना धरून ठेवतात, पट्टीखालचा भाग चपटा होत जातो, संपर्काची रुंदी वाढते आणि यंत्रावरचा भार पहिल्या चिरेच्या पुढे चढत राहतो. पण त्या वेळी सिलिंडर एकसंध गोल राहिलेला नसतो, आणि मोकळ्या परिघाचा जो हिशेब आपण मांडला तो एकसंध गोलाचा होता. अशा वेळी सूत्रात सर्वोच्च भार घातला तर येणारे उत्तर कोणत्याच प्रतिबलाचे नसते. पहिली चीर ज्या भाराला पडली तो भार टिपावा, त्यासाठी तोंडावर आडवा बसवलेला विस्थापनमापक लावावा, आणि सूत्र तेवढ्याच भाराला वापरावे.